लुगड्यावरून ओळख : येरमाळ्याच्या पायऱ्यांवरचा एक पात्रप्रवेश

कादंबरीत एखादी स्त्री पहिल्यांदा येते तेव्हा तिचे नाव, वय, चेहरा, आवाज यांतले काहीही न सांगता केवळ अंगावरच्या वस्तूंतून तिला उभे करणे ही एक जुनी युक्ती आहे. लुगडे, चोळी, बांगड्या, पायातले जोडवे, पदर कुठे आहे आणि कुठे नाही, एवढ्यावर वाचकाने तिची ऐपत ओळखावी, तिच्या सवयी ओळखाव्यात आणि आज तिचे काय बिनसले आहे याचा अंदाज बांधावा, अशी अपेक्षा असते. असा उतारा बहुधा शंभर-दीडशे शब्दांचा असतो. त्याहून लांबला की तो कापडाच्या दुकानातल्या गठ्ठ्यासारखा दिसू लागतो. या प्रस्तावनेत एकच उतारा घेतला आहे आणि तो सुटा करून पाहिला आहे. उतारा याच कामासाठी लिहिलेला असून त्याचे स्थळ येरमाळा आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरावर येडेश्वरीचे देऊळ आहे. तिला येडाई म्हणतात आणि तुळजाभवानीची धाकटी बहीण मानतात. चैत्र पौर्णिमेला तिची मोठी यात्रा भरते. पालखी आमराईकडे निघते, आणि भाविक काळ्या रानातून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. कवड्यांच्या माळा घातलेले, हातात परडी घेतलेले आराधी, नवसाच्या बायका, हिरव्या बांगड्यांच्या राशी मांडून बसलेले कासार आणि वर जाणाऱ्या पायऱ्या, असे हे दृश्य असते. कपड्यांवरून माणूस दाखवायला ही जागा सोयीची आहे. सगळे एकाच दिशेने चालतात, एकमेकांच्या पाठी पाहत चालतात, आणि कुणी कुणाशी ओळख करून घेत नाही.

उतारा असा:

पायात वहाणा नव्हत्या. उजव्या पायाच्या बोटात जोडवं होतं, झिजून तारेसारखं झालेलं. डाव्या पायाच्या त्याच बोटाला फिक्या कातडीचं कडं तेवढं राहिलं होतं. घोट्याच्या चार बोटं वर चापून बसवलेला काठ, तांबडा, इरकलीचा. डाव्या पोटरीपर्यंत त्याचा रंग एक होता, तिथून पुढं जरा विटका, आणि मधे उभा टाका गेलेला, इतका बारीक की ऊन पडलं तेव्हाच तो दिसला. कमरेशी उजव्या अंगाला पांढरे ठिपके, धुवूनही न गेलेले. तिथंच चंचीची नाडी लोंबत होती. पाठीवर खणाची चोळी, न विटलेली. घडीच्या रेघा तशाच होत्या आणि बाह्या दंडात रुतल्या होत्या. हिरव्या बांगड्या कोपराकडं सारलेल्या. पुढच्या मागच्या सगळ्या बायकांचे पदर डोक्यावर होते. हिनं टोपपदर कमरेला करकचून खोचला होता.

पहिला प्रश्न क्रमाचा येतो. संस्कृत काव्यात याबद्दल एक संकेत होता. माणसाचे वर्णन डोक्यापासून खाली यावे आणि देवतेचे पायापासून वर जावे. कुमारसंभवावरच्या टीकेत मल्लिनाथाने तो नोंदवून ठेवला आहे. या उताऱ्यात बाई माणूस आहे आणि तरी वर्णन पायापासून सुरू होते. याचे कारण भक्ती नसून पायऱ्या आहेत. जो तिला पाहतो तो तिच्या मागून चढतो आहे, आणि मागून चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुढच्याचे पाय येतात. पायऱ्या रुंद झाल्या, गर्दी थोडी सैल झाली की नजर पोटरीवर, कमरेवर, पाठीवर जाते. पदर शेवटी येतो, कारण डोके सगळ्यात वर आहे. देवीच्या पायऱ्यांवर एका साध्या बाईचे वर्णन देवीच्या क्रमाने झाले, ही गोष्ट जाणकार वाचकाच्या लक्षात आली तर बरेच. नाही आली तरी उतारा अडत नाही.

क्रम असा कुणाच्या तरी उभे राहण्याच्या जागेतून आला नाही तर वर्णनाची यादी होते. पायातून गळ्यात, गळ्यातून कमरेत, कमरेतून नाकात अशी उडी मारणारा उतारा वाचताना वाचकाला लगेच कळते, की इथे पाहणारे कुणी नाही. लेखक आठवून आठवून लिहितो आहे. पाहणारा कोण हेही क्रमाइतकेच महत्त्वाचे असते. याच बाईला सोनाराने पाहिले असते तर जोडव्यापाशी तो थांबला असता आणि झिजेवरून चांदी किती उरली ते त्याने मनात तोलले असते. शिंप्याला टाका दिसला असता. कासाराने आधी मनगट पाहिले असते, कारण त्याच्या धंद्यात हात पाहूनच माप सांगावे लागते: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. यातला पहिला आकडा इंचाचा आणि दुसरा इंचाच्या सोळाव्या भागांचा, म्हणजे दोन-चार ही सव्वादोन इंच व्यासाची बांगडी. उताऱ्यातला पाहणारा यांपैकी कुणी नाही. त्याला जोडव्याची झीज दिसते पण तिची किंमत सुचत नाही. टाका त्याला ऊन पडेपर्यंत दिसतच नाही. त्यामुळे तो कुणी व्यापारी नव्हे, रिकामा पाहणारा आहे, एवढे त्याच्याबद्दलही कळून जाते.

आता कापडाकडे वळायचे. इरकल हे नाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावावरून आले. अंग सुती, काठ ठसठशीत, आणि पदर वेगळ्या रेशमी ताण्याचा. अंगाचा आणि पदराचा ताणा मागावरच फासे घालून जोडतात. पदरावर तांबडे तीन पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढरे दोन, त्यांत देवळाच्या शिखरांसारखी टोके. यालाच टोपपदर म्हणतात. सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात हे लुगडे दोन-तीन पिढ्या चांगल्या घरच्या बायकांच्या अंगावर राहिले. रोजच्या वापराला मिलचे किंवा साधे सोलापुरी लुगडे, आणि लग्नाला, बाजाराला, यात्रेला इरकल. म्हणजे 'इरकलीचा काठ' आणि 'टोपपदर' हे दोन शब्द आले की त्या भागातल्या वाचकाला एक घर दिसू लागते: थोडीफार जमीन असलेले, निदान एके काळी असलेले.

'एके काळी' हे शब्द टाक्यामुळे सुचतात. लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. काष्टा घालून नेसणाऱ्या बाईचे नऊवारी लुगडे बसण्या-उठण्याने, पाय टाकण्याने मधल्या भागात आधी झिजते. दोन्ही टोके त्या मानाने धड राहतात. मग विरलेला भाग आडवा कापून काढायचा आणि चांगले दोन तुकडे एकमेकांना जोडायचे. याला दंड घालणे म्हणतात. कधी दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग जोडूनही एक लुगडे केले जाते, आणि तेव्हा दोन्ही तुकड्यांचा काठ व विट सारखी असत नाही. लुगडे अंगाभोवती आडवे गुंडाळले जात असल्यामुळे दंडाची शिवण नेसल्यावर उभी दिसते. नेसणारी हुशार असेल तर ती शिवण निऱ्यांच्या आत किंवा काष्ट्यात जाईल अशा बेताने नेसू लागते, आणि बाहेरच्या माणसाला कित्येक वर्षे पत्ता लागत नाही.

उताऱ्यातल्या काठाचा रंग पोटरीपाशी बदलतो, म्हणजे दंड दोन लुगड्यांचा आहे. इरकलीला इरकल जोडली आहे, याचा अर्थ घरात एके काळी अशी निदान दोन लुगडी होती. टाका बारीक आहे, म्हणजे हात नेटका आहे किंवा शिंप्याला पैसे दिले आहेत. तिसरी शक्यता नाही. आणि ती शिवण आज पोटरीवर उघडी पडली आहे. एरवी जी बाई ती आत घालते, तिने आज नेसताना तेवढे लक्ष दिले नाही. एवढ्याशा काठावर ऐपत, सवय आणि आजचा दिवस अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. कपड्यांतून केलेल्या पात्रप्रवेशाचे खरे कसब इथेच दिसते. वस्तू कोणती यावरून घर कळते. ती वापरून कशी झाली आहे यावरून बाईचा हात आणि तिची रीत कळते. मन मात्र वस्तूत नसते. ते नेहमीच्या रीतीत आज पडलेल्या फरकात असते. म्हणून नेहमीची रीत काय, हे वाचकाला आधी कुठून तरी कळावे लागते. शेजारच्या बायकांचे पदर डोक्यावर आहेत, हे वाक्य त्यासाठीच आहे. ते काढले तर खोचलेल्या पदराला काही अर्थ उरत नाही.

खोचलेला पदर मराठीत नुसता पदर राहत नाही. बाई पदर खोचून उभी राहिली म्हटले की ती कामाला तरी लागणार किंवा भांडणाला तरी. देवीच्या पायऱ्यांवर काम नाही. बांगड्या कोपराकडे सारलेल्या आहेत, तेही हात मोकळे करण्यासाठीच. वर कुणाशी भांडायला ही चालली आहे, हे उतारा सांगत नाही. वर देवीच आहे. येडाईशी भांडणे तिच्या भाविकांना अवघड वाटत नाही. नवस बोलणारी बाई देवीशी ज्या भाषेत बोलते त्या भाषेत ती घरच्या वडीलधाऱ्यांशीही बोलणार नाही. तरी 'ती देवीशी भांडायला निघाली होती' असे वाक्य शेवटी टाकायचा मोह आवरावा लागतो. ते टाकले की वाचकाने स्वतः काढलेला निष्कर्ष त्याच्या हातून हिसकावल्यासारखे होते, आणि वरच्या सगळ्या वस्तू त्या एका वाक्याच्या पुराव्यापुरत्या उरतात. मराठी कादंबरीत या युक्तीला सर्वांत जास्त वेळा मारते ते हेच वाक्य. लुगड्याचा विटका काठ दाखवायचा, आणि लगेच 'घरची परिस्थिती बेताची होती हे दिसतच होते' असे म्हणून टाकायचे.

चोळी जरा कठीण आहे. खण बागलकोट जिल्ह्यातल्याच गुळेदगुड्डचा प्रसिद्ध. तो तुकडा म्हणून विकत किंवा ओटीत मिळतो. शिवून घ्यावा लागतो, आणि गावचा शिंपी तो बहुधा नेलेल्या जुन्या चोळीच्या मापावर शिवतो. उताऱ्यातली चोळी न विटलेली आहे. घडीच्या रेघा तिच्यावर अजून आहेत, पण बाह्या दंडात रुततात. नुकतीच शिवली असती तर ती अंगाला बसली असती, आणि घडीच्या इतक्या पक्क्या रेघाही पडल्या नसत्या. दोन्ही एकत्र पाहिले की उत्तर एकच येते: चोळी काही वर्षांपूर्वी शिवली, घातलीच नाही, ट्रंकेत घडी करून ठेवली; मधल्या काळात बाईचे अंग बदलले आणि चोळी तशीच राहिली. कोणत्या तरी प्रसंगासाठी ती राखून ठेवली होती. तो प्रसंग आला नाही, आणि आज, दंडाची शिवण झाकायचेही भान नसलेल्या दिवशी, ती बाहेर काढली आहे. लेकीचे लग्न, मुलाचे जावळ, घरभरणी, काहीही असू शकते. कादंबरीने याचे उत्तर पुढे कुठे तरी द्यायचे असते. उताऱ्याचे काम एवढेच, की चोळी 'नवी' आहे असे वाचकाला आधी वाटावे आणि दोन वाक्यांनी ती जुनी आहे हे त्याचे त्यालाच कळावे.

पांढऱ्या ठिपक्यांतही अशीच एक फसगत आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्यात पांढरे ठिपके म्हणजे चुनखडी, असे कुणालाही वाटेल. पण चुनखडीची धूळ ओच्यात आणि पुढच्या काठावर बसते, कारण खडे ओच्यात वेचतात. आणि ती झटकली की जाते. हे ठिपके कमरेशी आहेत, एकाच बाजूला आहेत, धुवूनही गेलेले नाहीत, आणि जवळच चंचीची नाडी आहे. तंबाखूला चुना लावला की उजव्या हाताचे बोट जिथे पोचते तिथेच ते पुसले जाते, रोज आणि वर्षानुवर्षे. सवय दाखवायची असेल तर ती अशी एकाच जागी साचलेली दाखवावी लागते. 'तिला तंबाखू खायची सवय होती' या वाक्यात वेळ नसतो. डागात तो असतो.

जोडव्यावरून मात्र चुकीचा अर्थ निघण्याची भीती आहे. दोन्ही पायांतली जोडवी नसती तर जुन्या रीतीच्या वाचकाने तिला विधवा समजून पुस्तक पुढे वाचले असते, आणि हिरव्या बांगड्या दिसल्यावर तो गोंधळला असता. एकच नाही, आणि फिक्या कातडीचे कडे अजून भरून आलेले नाही, म्हणजे ते गेल्याला फार दिवस झाले नाहीत. हरवले, मोडले, की विकले? झिजून तारेसारखे झालेले जोडवे चालता चालता तुटूही शकते, ही साधी शक्यता उजव्या पायातल्या जोडव्याच्या झिजेने खुली ठेवली आहे. गहाण ठेवायचे तर दोन्ही ठेवली असती, असे कुणी म्हणेल. ते बरोबर आहे, आणि म्हणूनच हा तपशील वाचकाच्या मनात अडकून राहतो.

सवाष्णपणाच्या खुणांवर सरसकट विसंबण्याचे दिवस आता तसेही राहिलेले नाहीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर इतर ग्रामपंचायतींनीही तसे ठराव करावेत असे शासनाने सुचवले. ठराव झाला म्हणून गावोगावी रीत बदलली असे नाही. पण अलीकडच्या काळात घडणाऱ्या कादंबरीत रिकामे मनगट किंवा भरलेले मनगट हा नुसता रिवाज उरत नाही, त्या बाईने किंवा तिच्या घराने घेतलेला निर्णयही असू शकतो. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मध्ये किंवा हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये विधवेला असा निर्णय घेण्याची मुभाच नव्हती. तिच्या डोक्यावरचे केस आणि अंगावरचे वस्त्र दुसऱ्यांनी ठरवलेले होते. तिथे वस्त्रावरून तिच्या घराचे आणि ज्ञातीचे नियम कळतात. बाईचा स्वभाव त्यावरून कळत नाही.

वस्त्र नियमाने लादलेले असते तेव्हा ते स्वभावाचे चिन्ह म्हणून वापरणे हा ढिसाळपणा आहे, आणि मराठी ग्रामीण कादंबरीत तो वारंवार झाला आहे. काठ घोट्याच्या किती वर, हा तपशील घेऊन पाहता येईल. शेतात काम करणारी बाई लुगडे वर घेते, हे सोयीचे. पण अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायकांनी लुगडे कसे नेसावे, दागिने कोणत्या धातूचे आणि किती घालावेत, हे गाव ठरवत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले त्यात नेमका हाच मुद्दा होता: लुगडे नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून आणि गळ्या-हातांतल्या ज्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ती टाकून द्या. दुसऱ्याच दिवशी तिथल्या स्त्रियांची लुगडी नेसण्याची पद्धत बदललेली होती. यानंतरच्या काळातल्या कादंबरीत एखाद्या दलित स्त्रीचा काठ घोट्यापर्यंत आलेला दाखवला तर त्या दोन-चार बोटांत एक सभा आहे, आणि लेखकाला ते ठाऊक नसेल तर त्याने काठाची उंची न सांगितलेलीच बरी. येरमाळ्याच्या उताऱ्यातली बाई घोट्याच्या चार बोटे वर नेसली आहे. मोकळेपणाने चालणारी, शेतात जाणारी, पण बाहेर निघताना थोडे सावरून घेणारी शेतकरी घरातली बाई, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा आहे.

ही युक्ती मराठीची एकटीची नाही. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'त एमा वाचकाला पहिल्यांदा दिसते ती दाराच्या उंबऱ्याशी, तीन झालरी लावलेल्या निळ्या मेरिनो लोकरीच्या झग्यात. शेतावरच्या घरात तीन झालरी! त्या घराला न शोभणारी हौस एका मापात मोजून दिली आहे, आणि पुढची सगळी कादंबरी त्या हौसेमागे धावते. ते पुस्तक १८५७चे, 'यमुनापर्यटन'ही १८५७चेच. तिकडे कापड बाईची इच्छा सांगत होते त्या वर्षी इकडे ते तिच्यावरची सक्ती सांगत होते. दोन्ही ठिकाणी कापड खरेच बोलत होते.

एक वाट मात्र या युक्तीला बंदच आहे. कथा सांगणारी ती बाई स्वतःच असेल, तर आपल्या अंगावरच्या लुगड्याचे वर्णन ती सहसा करणार नाही. केले तर ते खोटे वाटेल. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'मध्ये (१९७१) हे नीट पाहता येते. कादंबरी उस्मानाबाद-लातूरकडच्या बोलीत, शिंप्याच्या घरातली, आणि सांगणारी त्या घरची बाई पारबती. कापड, शिवण, गिऱ्हाईक हे सगळे घरात असूनही तिची ओळख वाचकाला होते ती तिच्या बोलण्यातून. ती कशी दिसते हे कुणी सांगायची गरजच पडत नाही. बाहेरून पाहणारा असेल तरच लुगडे वाचता येते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला जे कळते ते अर्धेच असते हेही लेखकाने धरून चालायचे. येरमाळ्याच्या देवीच्या नावाबद्दलची लोककथाच तशी आहे. सीतेला शोधत निघालेल्या रामाची परीक्षा पाहायला पार्वती सीतेचे रूप घेऊन आली, रामाने तिला ओळखले आणि 'तू येडी आहेस' म्हटले, त्यावरून येडाई हे नाव पडले असे सांगतात. सीतेचा वेश हुबेहूब होता, तरी ओळखणारा वेशाच्या आतच पाहत होता.

उतारा आजच्या काळात आणायचा तर सगळा साज बदलावा लागतो. यात्रेत आता नऊवारी थोड्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर दिसते. बाकीच्या गोल नेसलेल्या सहावारी सिंथेटिक साड्या, मुलींचे ड्रेस, आणि येरमाळ्यातल्याच कुणी सकाळी दारात आली असेल तर गाऊन आणि त्यावर ओढणीसारखा घेतलेला टॉवेल. सिंथेटिक साडी विरत नाही, त्यामुळे दंड घालायची वेळ येत नाही आणि झिजेचे ते वाचन तिथे संपते. त्याची जागा दुसऱ्या खुणा घेतात. 'एक ग्रॅम'चे मंगळसूत्र मानेशी, घामाने जिथे सतत घासले जाते तिथे, आधी पांढरे पडते. पुढून वाट्या अजून चमकत असतात. मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिना, दोन, कधी चार, ही तर लाखो बायकांची सवय आहे, आणि तरी कादंबरीत ती फार क्वचित येते. ब्लाउज आणि साडीचा रंग जुळतो का, साडीला फॉल लावला आहे की नाही, पदर पिनेने खांद्याला बसवला आहे की मोकळा सोडला आहे, यांतून ऐपतीपेक्षा बाहेर वावरण्याची सवय जास्त कळते. काळ नीट ठरवला नाही तर दोन्ही जगे एकमेकांत मिसळतात आणि हिरव्या चुड्याच्या, चापूनचोपून नेसलेल्या, नथ घातलेल्या एका ठरावीक बाईचे चित्र तयार होते. ती बाई येरमाळ्यात कुणी पाहिलेली नाही. ती दिनदर्शिकेवर असते.

उतारा कुठे थांबवायचा, याचे उत्तर सोपे आहे. ती वळली, बोलली किंवा तिला कुणी हाक मारली की वस्त्रांचे काम संपते, कारण त्यानंतर वाचक चेहरा आणि शब्द वाचू लागतो. येरमाळ्याच्या उताऱ्यात तिला कुणी तरी मागून 'ओ काकू' म्हणून हाक मारली आणि तिने मान वळवली नाही, तर आणखी एखादे वाक्य कपड्यांवर चालेल. मान वळवली तर चालणार नाही.

पुढच्या प्रकरणांत यांतल्या काही वस्तू परत याव्या लागतात आणि काही येऊ नयेत. चोळी राखून ठेवलेली होती हे कळल्यावर, ती कशासाठी होती हे कादंबरीत कुठे तरी यावेच लागेल, नाही तर वाचकाचे येणे राहते. जोडवे परत यायचे असेल तर ते सोनाराच्या तराजूत किंवा घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या मुठीत दिसावे. चुन्याचे ठिपके आणि दंडाचा टाका यांना परत आणायचे कारण नाही. ते लुगडे ती पुढेही नेसेल, आणि एखाद्या दिवशी शिवण पुन्हा निऱ्यांच्या आत गेलेली असेल.